कुंद्याचे दोन बॉक्स आणि एक पैसा: कार्टची बेरीज जुळत नाही

शहापूरकर · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, बेळगावच्या शहापुरात मामांचं मिठाईचं दुकान आहे. त्यांच्यासाठी घरबसल्या ऑर्डर देता येईल अशी साइट करायलोय. जावास्क्रिप्ट, मागे मायएसक्यूएल. फार काही मोठं नाही. कुंदा, करदंट, फरसाण, चिक्की एवढंच.

मामा पाकिटं ठरावीक वजनाची करत नाहीत. बॉक्समध्ये बसेल तेवढा कुंदा भरतात आणि वर वजन लिहितात. कुंदा ४८५ रुपये किलो. काल एका ताईंनी ३३५ ग्रॅमचे दोन बॉक्स घेतले, एक घरी आणि एक नणंदेकडे, म्हणून दोन वेगळ्या ओळी. कार्टमध्ये प्रत्येक ओळीवर १६२.४८ आलं आणि खाली एकूण ३२४.९५. ताईंचा फोन मामांना, "दोनदा १६२.४८ म्हणजे ३२४.९६ होतात की हो, तुमचं मशीन बरोबर आहे ना?" एक पैसा त्यांच्याच फायद्याचा होता, तरी फोन केला. मामा मला म्हणाले, "एक पैसा चुकतोय म्हणजे शंभर रुपये पण चुकत असतील."

आणि वर कोपऱ्यात पिशवीच्या चित्राजवळ जी रक्कम दिसते, तिथे `toFixed` लावायचं राहिलं होतं. तिथे हे आलं:

```
324.95000000000005
```

दर रुपयात आहेत, वजन किलोत, म्हणजे 0.335. कुठे चुकतंय?

---

टिळकवाडी_पहिला_गेट · रात्री १०:५८

फ्लोटिंग पॉइंटचा जुनाच रोग आहे. 0.1 + 0.2 करून बघ. सगळीकडे `toFixed(2)` लाव, कोपऱ्यातल्या रकमेलाही. विषय संपला.

---

शहापूरकर · रात्री ११:०३

कोपऱ्यातलं जाईल हो, पण ३२४.९५ आणि ३२४.९६ चं काय? तिथे दोन्हीकडे `toFixed(2)` आधीच आहे.

---

आप्पा_कडोली · रविवार, सकाळी ६:१५

पैसे राहिलेत कुठे आता? चार आण्याचं नाणं २०११ सालीच बंद झालं. आठ आणे कायद्याने चालतात म्हणे, पण खडेबाजारात देऊन बघा, दुकानदार आधी नाण्याकडे आणि मग तुमच्याकडे बघेल. सरळ रुपयात बिल करा आणि सुखी राहा.

---

जमाखर्च · सकाळी ९:२०

आप्पा, नाणी गेली तरी पैसा हिशोबात आहे. यूपीआयने ३२४ रुपये ९६ पैसे सरळ जातात. पण तुमच्या मुद्द्याकडे परत येऊ, शेवटी रुपयात आणायचं की नाही हा खरा प्रश्न आहेच.

शहापूरकर, मी मूळची खानापूरची, पुण्यात बिलिंग सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काढली. तुझ्याकडे दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. आधी हे चालवून बघ:

```js
485 * 0.335               // 162.47500000000002
(485 * 0.335).toFixed(2)  // "162.48"
(162.475).toFixed(2)      // "162.47"
```

खरं उत्तर १६२ रुपये साडेसत्तेचाळीस पैसे. बरोबर मधोमध. मशीनला 0.335 नेमका साठवता येत नाही. दोनच्या घातांत तो बसत नाही, म्हणून अगदी किंचित जास्तीचा आकडा साठवला जातो. ४८५ ने गुणल्यावर गुणाकार पुन्हा जवळच्या साठवता येणाऱ्या आकड्यावर सरकतो, आणि तो पडतो साडेसत्तेचाळीसच्या वर. म्हणून ४८. पण तोच आकडा तू थेट 162.475 असा टाईप केलास तर साठवलेली किंमत साडेसत्तेचाळीसच्या किंचित खाली येते, म्हणून ४७. म्हणजे अर्धा पैसा वर जाणार की खाली, हे तू ठरवत नाहीयेस. आकडा कुठल्या वाटेने आला त्यावर ते ठरतंय. तुझ्या फरसाणाचा दर काय आहे?

---

शहापूरकर · सकाळी ९:४१

२६५ रुपये किलो. पुडे साधारण ४०० ग्रॅमच्या पुढेमागे असतात.

---

जमाखर्च · सकाळी ९:५५

मग ४१५ ग्रॅमचा पुडा धर. खरी किंमत १०९ रुपये साडेसत्त्याण्णव पैसे. `(265 * 0.415).toFixed(2)` केलंस तर 109.97 येतं. कुंद्याचा अर्धा पैसा वर गेला, फरसाणाचा खाली आला. एकच दुकान, एकच कोड, एकच बिल.

ही पहिली चूक. दुसरीचा फ्लोटशी काहीच संबंध नाही. तू ओळीवर गोल केलेला आकडा दाखवतोस, पण बेरीज करतोस गोल न केलेल्या आकड्यांची. दोन ओळींवर अर्धा अर्धा पैसा वाढवून दाखवला, बेरजेत मात्र तो वाढलाच नाही. कागदावर पेन्सिलने अचूक हिशोब केलास तरी १६२.४७५ दुणे ३२४.९५ च येणार. त्या ताईंनी ओळी पाहून बेरीज केली, तू ओळींच्या मागे जे आहे त्याची केलीस. ताई बरोबर आहेत.

---

टिळकवाडी_पहिला_गेट · सकाळी १०:१०

बरं, मग `Math.round(x * 100) / 100` प्रत्येक ओळीला. मी दोन्ही आकडे करून पाहिले, १६२.४८ आणि १०९.९८ बरोबर आले. पैसेबैसे करायची गरज नाही.

---

जमाखर्च · सकाळी १०:३२

या दोन आकड्यांना आले, खरं आहे. 1.005 टाकून बघा. `1.005 * 100` चं उत्तर 100.49999999999999 येतं, आणि `Math.round` ते १०० करतो, १०१ नाही. आणि शंभराने भागलंत की परत फ्लोटच हाती येतो, त्या फ्लोटांची बेरीज पुन्हा लांब शेपटी काढू शकते. वीस ओळींच्या कार्टमध्ये दिसेलच.

ओळीपाशी गोल करायचं हा तुमचा विचार मात्र बरोबर आहे. फक्त ते काम पूर्णांकात करा. दर पैशात ठेवायचा, वजन ग्रॅमात. दोन्ही पूर्ण आकडे. मग गुणाकार अचूक, आणि भागाकार एकदाच, शेवटी:

```js
function lineTotal(paisePerKg, grams) {
  return Math.floor((paisePerKg * grams + 500) / 1000);
}
lineTotal(48500, 335); // 16248
lineTotal(26500, 415); // 10998
```

४८५०० गुणिले ३३५ म्हणजे १,६२,४७,५००. हजाराने भागायच्या आधी पाचशे मिळवले की अर्धा किंवा त्याहून जास्त असेल ते वर जातं, कमी असेल ते खाली. एकूण बेरीज या गोल झालेल्या ओळींचीच: १६२४८ आणि १६२४८ मिळून ३२४९६. दाखवताना शेवटच्या क्षणी शंभराने भागून `toFixed(2)` लावलंस तर काही बिघडत नाही, कारण तो आकडा परत हिशोबात येत नाही.

डेटाबेसमध्ये कॉलमचं नावच `price_paise` ठेव. फक्त `price` ठेवलंस तर सहा महिन्यांनी तूच विसरशील.

---

घाटमाथा · सकाळी ११:०५

नावाबद्दल जोरदार +१. आमच्या एका कामात कॉलम नुसता `amount` होता. अर्ध्या टीमला वाटायचं रुपये, अर्ध्या टीमला पैसे. पेमेंट गेटवेकडे रक्कम पैशात पाठवायची असते, आमच्याकडून रुपयाचा आकडा गेला. सोळाशेच्या ऑर्डरी सोळा रुपयांना सुटल्या. सकाळी उठून बघतो तर विक्री जोरात! तो आनंद साधारण चहा संपेपर्यंत टिकला.

---

टिळकवाडी_पहिला_गेट · सकाळी ११:२०

मायएसक्यूएलमध्ये DECIMAL(10,2) आहे ना त्यासाठीच? तो अचूक असतो. पैशात ठेवायचा हट्ट कशाला?

---

जमाखर्च · सकाळी ११:४८

अचूक असतो, वाद नाही. बेरीज डेटाबेसमध्येच करत असाल तर उत्तम. पण शहापूरकरचं कार्ट ब्राउझरमध्ये चालतं, आणि जावास्क्रिप्टकडे DECIMAL नाही. नोडचे नेहमीचे ड्रायव्हर DECIMAL मजकूर म्हणून देतात, म्हणून "162.48" + "162.48" केलं की "162.48162.48" मिळतं. ते टाळायला कोणीतरी `parseFloat` घालतो, की आपण पुन्हा शनिवारी रात्रीच्या प्रश्नावर.

पूर्णांक ठेवायचा तर BIGINT घे. साधा INT २१४ कोटी पैशांच्या थोडा पुढे संपतो, म्हणजे दोन कोटी चौदा लाख रुपये. एका ऑर्डरीला पुष्कळ, वर्षाच्या बेरजेला मामांचा धंदा वाढला तर अपुरा. जावास्क्रिप्टचा पूर्णांक नव्वद लाख कोटी रुपयांपर्यंत अचूक राहतो, तिकडची काळजी नको.

---

शहापूरकर · दुपारी १:१५

केलं. दर पैशात आणायला मामांच्या एक्सेलची फाइल वाचली, आणि लगेच नवीन खेळ. चिक्कीचं पाकीट १९.९० चं आहे, डेटाबेसमध्ये 1989 आलं. मी `parseInt(19.9 * 100)` लिहिलं होतं. गुणाकार 1989.9999999999998 येतो, आणि `parseInt` दशांश कापूनच टाकतो.

मग शहाणपणा करून टिंबावर तोडून घेतलं, "19" आणि "9". तर 1909 आलं! एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकतं.

---

जमाखर्च · दुपारी १:३०

हाहा, दोन्ही खड्ड्यांत एकाच दुपारी. टिंबानंतरचा भाग दोन आकडी होईपर्यंत उजवीकडे शून्य भर, `padEnd(2, '0')`. आणि दोनपेक्षा जास्त आकडे आले तर गुपचूप कापू नकोस, ओळ नाकार आणि मामांना विचार.

खरं तर इथे `Math.round(19.9 * 100)` सुद्धा चालेल. दोनच दशांशांचा दर असेल तर गुणाकार पूर्ण आकड्यापासून केसभरच सरकतो, अर्ध्यापाशी जात नाही. टिळकवाडी, इथे तुमचा उपाय योग्य आहे. दारातून आत येताना एकदा, आत पुन्हा नाही.

---

आप्पा_कडोली · दुपारी २:१०

वाचतोय सगळं. आमचे वडील रविवार पेठेत अडतीवर मुनीम होते. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. वहीत तीन रकाने: रुपये, आणे, पै. कुठेही अपूर्णांक लिहायचा नाही. बेरीज पै पासून सुरू, बारा झाल्या की एक आणा पुढे. एकशे ब्याण्णव पैंचा रुपया. १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा वडील म्हणाले होते, हिशोब सोपा झाला, पण तोंडी हिशोबाची मजा गेली. तुमचं मशीन त्यांच्यापुढे कच्चं दिसतंय.

---

जमाखर्च · दुपारी २:२२

आप्पा, तुमच्या वडिलांनी हा धागा पहिल्याच प्रतिसादात संपवला असता. सगळ्यात लहान नाणं धरायचं आणि ते पूर्ण मोजायचं, एवढंच तर करायचंय.

---

निपाणीवाला · दुपारी ३:०५

माझं वेगळंच दुखणं. आमच्याकडे विडीचा व्यापार. हिशोबाच्या प्रोग्राममध्ये एका विडीचा दर टाकायचा रकाना आहे आणि तो पैशात बसतच नाही, साडेत्र्याण्णव पैसे वगैरे येतो. पूर्ण पैसे ठेवले तर ९३ की ९४? हजार विड्यांमागे पाच रुपयांचा फरक पडतो. म्हणजे तुमची पद्धत आम्हाला निरुपयोगी?

---

जमाखर्च · दुपारी ३:२६

निरुपयोगी नाही, पण दर कशाचा ठेवायचा ते बदला. बाजारात तुम्ही एका विडीचा दर बोलता का? हजाराचा बोलता. मग हजाराचा दर पैशात ठेवा, ९३५०० पैसे. नग गुणिले दर भागिले हजार, आणि गोल करणं ओळीच्या शेवटी एकदाच. कुंद्याचंच गणित, किलोच्या जागी हजारी.

पूर्ण पैसा हा नियम बिलावर येणाऱ्या रकमेसाठी आहे. दराला त्याहून बारीक माप लागलं तर मोठ्या मापाचा दर घ्यायचा.

---

निपाणीवाला · दुपारी ३:४०

हजारीच बोलतो की. प्रोग्राम करणाऱ्याने विचारलंच नव्हतं.

---

बाची_नाका · संध्याकाळी ६:१०

मी कर सल्लागाराकडे काम करतो. शहापूरकर, खरी गंमत पुढे आहे. दर जीएसटीसह आहेत ना? मिठाईला ५ टक्के. उचगावच्या, म्हणजे कर्नाटकातल्याच गिऱ्हाइकाला माल गेला तर अडीच-अडीच टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी. बाचीच्या पुढे शिनोळीत गेला तर महाराष्ट्र लागला, आयजीएसटी ५ टक्के. अंतर बघितलं तर सायकलवर जाता येईल एवढं. तुझे ३२४९६ पैसे घेऊन दोन्ही बिलं कर, सांग काय येतं.

---

शहापूरकर · संध्याकाळी ७:२५

करून बघितलं.

शिनोळी: ३२४९६ चा १०५ वा भाग गुणिले ५, म्हणजे १५४७.४३, गोल करून १५४७. करपात्र किंमत ३०९४९.

उचगाव: तोच १५४७ दोघांत वाटायला गेलो तर ७७३ आणि अर्धा. एकाला ७७३ आणि एकाला ७७४ देऊ का?

---

बाची_नाका · संध्याकाळी ७:४०

अजिबात नको. दोन्हींचा दर सारखा आणि किंमतही तीच, मग रक्कम वेगळी कशी दाखवशील? एकूण कराचे दोन तुकडे करू नकोस, प्रत्येक कर स्वतंत्र काढ. अडीच टक्क्यांनी ७७३.७१ येतो, म्हणजे ७७४. दोन्ही ७७४. एकूण कर १५४८, आणि करपात्र किंमत उरलेली, ३०९४८. गिऱ्हाईक दोन्हीकडे ३२४.९६ च देतं, आतली वाटणी एक पैशाने वेगळी.

---

जमाखर्च · संध्याकाळी ७:५२

यातली "उरलेली" ही गोष्ट धरून ठेव, शहापूरकर. कर आणि करपात्र किंमत दोन्ही वेगवेगळे गोल केलेस तर कधीतरी बेरीज एका पैशाने कमी किंवा जास्त येईल. एक गोल करायचं, दुसरं वजाबाकीने काढायचं.

---

बाची_नाका · संध्याकाळी ८:०५

आणि शेवटी सगळं बिल रुपयात आणणं सक्तीचं आहे, कलम १७०. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे ३२५.

---

जमाखर्च · संध्याकाळी ८:२०

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ते कलम कर, व्याज, दंड, परतावा अशा कायद्याखालच्या रकमांबद्दल बोलतं, गिऱ्हाइकाने दुकानदाराला द्यायच्या एकूण रकमेबद्दल नाही. रुपयात आणायचं तर आणा, गल्ल्यावर सोयीचंच आहे. पण मग "राउंड ऑफ" अशी वेगळी ओळ दाखवा, चार पैसे अधिक. कुंद्याच्या दरात ते चार पैसे लपवू नका. ऑनलाइन पैसे घेताना मला तरी त्याची गरज दिसत नाही.

---

बाची_नाका · संध्याकाळी ८:३१

आमच्याकडचे सगळे व्यापारी रुपयातच करतात.

---

जमाखर्च · संध्याकाळी ८:३३

करतात, माहीत आहे.

---

शहापूरकर · सोमवार, रात्री ९:५०

मामांना विचारलं. ते म्हणाले दुकानात रुपयात, साइटवर पैशासकट. तसं केलं. ताईंना नवीन बिल पाठवलं, ३२४.९६, त्यांनी अंगठा दाखवला.

पण आज एक बॉक्स परत आला, आणि परताव्याची ओळ मी त्याच फंक्शनमध्ये वजन उणे करून काढली. `lineTotal(48500, -335)` ने -16247 दिलं! विकताना १६२.४८ घेतले, परत करताना १६२.४७. हे आधीच सापडलं नसतं तर परत त्याच ताईंचा फोन आला असता, कारण बॉक्स त्यांच्याच नणंदेचा.

---

जमाखर्च · रात्री १०:१५

पाचशे मिळवून `floor` केलं की अर्धा नेहमी वरच्या बाजूला जातो, आणि उणे आकड्यांत वर म्हणजे शून्याकडे. `Math.round` पण तेच करतो. रक्कम अधिक धरून काढ आणि उणे चिन्ह नंतर लाव.

पण त्याहून बरं, परताव्याला हिशोब नवीन करूच नकोस. विकताना ओळीत जे १६२४८ साठवलंस तेच उलटं टाक, कराच्या आकड्यांसकट. उद्या मामांनी दर ४९५ केला तरी परतावा जुन्याच आकड्याचा द्यायचाय.

---

टिळकवाडी_पहिला_गेट · रात्री १०:२८

एक विचारतो. तीन सारखे बॉक्स आणि कार्टवर दहा रुपयांचं कूपन. प्रत्येकी ३३३ पैसे, मिळून ९९९. उरलेला एक पैसा कोणाला? आणि त्यातला एकच बॉक्स परत आला तर किती कापायचं?

---

जमाखर्च · रात्री १०:४४

खालच्या आकड्याला गोल करून वाटायचं, आणि उरलेले पैसे ज्यांचा कापलेला तुकडा मोठा त्यांना एकेक. इथे तिघे सारखे, म्हणून पहिल्या ओळीला: ३३४, ३३३, ३३३. ही वाटणी ओळीतच साठवा, मग परत येईल त्या बॉक्सचा स्वतःचा आकडा तयार असतो.

मात्र पहिला बॉक्स कुठला, हे कार्टमधला क्रम बदलला तर बदलतं. मी ओळ जोडल्याचा क्रमांक धरते, काहीजण वस्तूचा कोड धरतात.

---

आप्पा_कडोली · मंगळवार, सकाळी ६:०५

वडील असते तर तो एक पैसा देवापुढच्या डबीत टाकला असता. शहापूरकर, दुकान शहापुरात नेमकं कुठे? कुंदा न्यायचाय, रोख देईन, रुपयातच.

---

शहापूरकर · सकाळी ८:३०

या की आप्पा, निरोप पाठवतो. वजनाचा बॉक्स तेवढा ३३५ ग्रॅमचा घेऊ नका.